ऑफर लेटर सही करण्याआधी राजीनाम्याच्या दिवसापासून वाचा

प्रश्न: कॅम्पसमधून पुण्यातल्या आयटी कंपनीचं ऑफर लेटर आलंय. सीटीसी साडेसहा लाख, त्यात १० टक्के व्हेरिएबल. प्रोबेशन ६ महिने, नोटीस ९० दिवस, ट्रेनिंग ३ महिने आणि त्यानंतर २ वर्षांचा २ लाखांचा बाँड. मित्र म्हणतात बाँड कोर्टात टिकतच नाही, बिनधास्त सही कर. करू का?

मी पेरोलमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, नोकरी सोडणाऱ्यांचे फुल अँड फायनलचे हिशेब रोजचेच. ही चारही कलमं वेगवेगळ्या पानांवर असतात, पण भिडतात एकाच दिवशी, तुम्ही राजीनामा देता तेव्हा. म्हणून तो दिवस धरूनच हिशेब मांडू.

आधी हातात काय येईल ते पाहू. तुमचा तक्ता माझ्यासमोर नाही, पण नेहमीची मांडणी अशी असते: साडेसहा लाखांतून व्हेरिएबलचे ६५,०००, कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटीचे साधारण १५,६०० आणि विम्याचे समजा ७,८०० बाजूला काढा. उरले ५,४०,०००, म्हणजे महिना ४५,०००. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की खात्यात ४३,००० जमा. घरभाडं आणि हप्ते याच आकड्यावर ठरवा.

आता समजा तुम्ही १ ऑगस्टला रुजू झालात आणि पुढच्या वर्षी १ मेला राजीनामा टाकलात. प्रोबेशन जानेवारीअखेर संपलं असेल असं तुम्ही धरून चालाल. पण बहुतेक पत्रांत ‘लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत प्रोबेशन चालू राहील’ असं वाक्य असतं. त्याला दोन बाजू आहेत. कन्फर्मेशन रखडलं की कंपनी तुम्हाला कमी मुदतीत काढू शकते, पण प्रोबेशनमधली नोटीस १५ किंवा ३० दिवसांची असेल तर तुम्हीही तेवढ्यातच सुटता.

कन्फर्म झाला असाल तर ९० दिवस, म्हणजे जुलैअखेर. नवी कंपनी सहसा एवढी थांबत नाही. ३० दिवसांत निघायचं तर ६० दिवसांचे पैसे भरावे लागतील. ते ग्रॉसवर, म्हणजे महिन्याच्या ४५,०००वर मोजले तर ९०,०००, बेसिकवर मोजले (बेसिक सीटीसीच्या निम्मं धरलं तर) ५४,०००च्या आसपास. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पैसे भरून लवकर सुटणं हा तुमचा हक्क आहे की ‘कंपनीच्या मर्जीनुसार’, ते पाहा. दुसरं असेल तर पैसे तयार ठेवूनही रिलीव्हिंग लेटर अडतं.

व्हेरिएबल बहुधा मार्चअखेरच्या वर्षाचं जून-जुलैत मिळतं. तुमचे आठ महिन्यांचे ४३,००० होतात. पण ‘देय तारखेला नोकरीत असावा आणि नोटीसवर नसावा’ अशी अट असेल तर १ मेच्या राजीनाम्याने ते शून्य. मार्चअखेर काम पूर्ण केलं होतं हा युक्तिवाद एचआरपुढे चालताना मी पाहिलेला नाही.

राहिला बाँड. ‘टिकतच नाही’ हे मित्रांचं म्हणणं विसरा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांचा, २ लाखांचा बाँड वैध ठरवला. पण ती सरकारी बँक होती, आणि खुल्या भरतीप्रक्रियेचा खर्च व वेळ न्यायालयाने विचारात घेतला होता. त्यावरून कोणत्याही कंपनीने कितीही रक्कम लिहावी असं होत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारातला आकडा ही कमाल मर्यादा; त्याच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. बाहेरच्या संस्थेकडून महागडं प्रशिक्षण दिलं असेल तर कंपनीची बाजू भक्कम. घरच्याच सीनियरने लॅपटॉपवर स्लाइड दाखवल्या असतील तर २ लाख पटवून देणं अवघड. नोकरीत जबरदस्तीने ठेवण्याचा आदेश मात्र न्यायालय देत नाही, प्रश्न पैशांचाच असतो.

तुमचा बाँड ट्रेनिंगनंतर, १ नोव्हेंबरला सुरू होतो, म्हणजे प्रत्यक्षात २७ महिने. पूर्ण नोटीस करून जुलैअखेर निघालात तर २४ पैकी ९ महिने भरले. रक्कम महिन्यागणिक घटत असेल तर देणं १,२५,०००. तसं लिहिलेलं नसेल तर कंपनी अख्खे २ लाख मागणार. (यावर किंवा नोटीसच्या पैशांवर कुणी जीएसटी लावला तर ऑगस्ट २०२२चं परिपत्रक दाखवा, तो लागत नाही.)

म्हणून सही करण्याआधी एचआरला ईमेल करा, फोन नको. विचारा: बाँडची रक्कम महिन्यागणिक घटते का, कंपनीनेच काढलं तर बाँड लागू राहतो का, नोटीसचे पैसे ग्रॉसवर की बेसिकवर. फ्रेशरसाठी ९० दिवसांचे ६० करतील ही आशा कमी, पण पहिल्या दोन गोष्टी लेखी द्यायला कंपन्या बऱ्याचदा तयार होतात. उत्तरं समाधानकारक आली तर या पगारावर मी सही करेन. मूळ मार्कशीट किंवा कोरा चेक मागितला तर मात्र नाही. चेक बाउन्स झाला की तो फौजदारी मामला होतो, आणि मग बाँड वाजवी होता की नाही हा वाद बाजूलाच राहतो.