टेलिग्राम चॅनेलचे व्ह्यूज, रिॲक्शन आणि उत्तरे कशी वाचावीत?

प्रश्न: माझ्या टेलिग्राम चॅनेलला २,३०० सदस्य आहेत, पण पोस्टला जेमतेम ५०० व्ह्यूज पडतात आणि रिॲक्शन तर मोजक्याच. चॅनेल चालतंय की नाही हे कसं ओळखायचं? काय बदलू?

उत्तर: मी आमच्या तालुक्याच्या गावातील एका अभ्यासिकेचे चॅनेल चालवतो. त्यावर स्पर्धा परीक्षांच्या जाहिराती, अर्जाच्या मुदती आणि चालू घडामोडींची टिपणे जातात. दीड वर्षापूर्वी आमचे १,८५० सदस्य होते आणि अवस्था तुमच्यासारखीच होती.

सदस्यसंख्येशी तुलना करणे आधी सोडा. त्या संख्येत परीक्षा देऊन निघून गेलेले, चॅनेल म्यूट केलेले आणि टेलिग्राम उघडतच नसलेले असे सगळे असतात. त्याऐवजी प्रत्येक पोस्टचे व्ह्यूज ती टाकल्यापासून बरोबर २४ तासांनी टिपून ठेवा, कारण आठवडाभर जुन्या पोस्टची कालच्या पोस्टशी तुलना केली तर जुनी नेहमीच सरस दिसते. अशा २० पोस्टचे आकडे चढत्या क्रमाने मांडून दहाव्या आणि अकराव्याच्या मधला आकडा घ्या. सरासरी घेऊ नका. आपली पोस्ट कोणी मोठ्या चॅनेलवर फॉरवर्ड केली की तिथले व्ह्यूजही मूळ पोस्टच्याच खात्यात जमा होतात आणि तेवढ्या एका पोस्टने सरासरी फुगते. आमचा मधला आकडा ४१० निघाला.

वही भरताना एक गोष्ट लक्षात आली. आम्ही दिवसाला सात-आठ पोस्ट टाकत होतो आणि एकाच दिवसाच्या सगळ्या पोस्टचे व्ह्यूज जवळजवळ सारखे असत. याचा अर्थ लोक दिवसातून एकदा चॅनेल उघडून बोटाने सरसर वर सरकवत होते. पोस्ट पडद्यावरून गेली की व्ह्यू धरला जातो, मग ती वाचलेली असो वा नसो. म्हणून कोणती पोस्ट चांगली हे व्ह्यूजवरून ठरवता येत नाही. किती जण अजून दाराशी येतात, एवढेच त्यावरून कळते.

दाराशी येणारे वाढवण्यासाठी आम्ही एकच बदल केला आणि तीन आठवडे दुसरे काहीही बदलले नाही. पोस्ट दोनवर आणल्या, सकाळी सातला आणि रात्री नऊला. मध्येच काही तातडीचे आले तर ते आवाज न होऊ देता पाठवले. मधला आकडा ५९० वर गेला. सदस्य मात्र त्या काळात तीस-पस्तीसने घटले आणि मी ते मनावर घेतले नाही. (निकालाचा एक आठवडा हिशेबातून वगळला, कारण त्या दिवसांत कोणतेही चॅनेल उत्तम चालते.)

पोस्टचा कस रिॲक्शन आणि फॉरवर्डवरून लागतो, पण ते आकडे दर शंभर व्ह्यूजमागे काढावेत आणि एकाच प्रकारच्या पोस्टमध्ये ताडून पाहावेत. आमच्या प्रश्नमंजूषेला रिॲक्शन भरपूर येत आणि फॉरवर्ड जवळपास शून्य. अर्जाची मुदत सांगणाऱ्या रुक्ष पोस्टला रिॲक्शन चार-पाचच, पण फॉरवर्ड चाळीसच्या वर. रिॲक्शनच्या मोहात पडून मुदतीच्या पोस्ट कमी केल्या असत्या तर चॅनेलचा उपयोगच संपला असता. पुढे आम्ही चॅनेलच्या सेटिंगमध्ये दोनच रिॲक्शन खुल्या ठेवल्या आणि पोस्टखाली त्यांचा अर्थ लिहू लागलो: अंगठा म्हणजे समजले, विचारात पडलेला चेहरा म्हणजे शंका आहे. हृदये आणि आगीच्या ज्वाळा गेल्यामुळे एकूण संख्या उतरली, पण प्रत्येक खुणेला अर्थ आला.

उत्तरांच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते. चॅनेलला चर्चागट जोडल्यावर पोस्टखाली प्रतिक्रिया लिहिता येतात. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रावरील आमच्या एका पोस्टला १४ उत्तरे आली, तेव्हा मला आनंद झाला. वाचून पाहिले तर त्यांपैकी नऊ जणांनी एकच विचारले होते, कोणत्या तारखेचे प्रमाणपत्र चालेल? ते तिसऱ्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलेले होते. पुढच्या जाहिरातीच्या वेळी तारीख पहिल्या ओळीत घेतली, तर तीनच उत्तरे आली आणि तिन्ही खऱ्या अडचणींची होती. म्हणून उत्तरे मोजताना किती वेगवेगळ्या माणसांनी लिहिले आणि त्यांपैकी किती जणांनी पोस्टमध्येच असलेली गोष्ट पुन्हा विचारली, हे दोन आकडे वेगळे ठेवा. दुसरा आकडा मोठा असेल तर पोस्टची मांडणी बदलावी लागेल.

तुमच्या ५०० व्ह्यूजबद्दल मला आधी एवढेच पाहावेसे वाटते, की एकाच दिवशीच्या पोस्टचे आकडे सारखे आहेत का. सारखे असतील तर पोस्टची संख्या आणि वेळ यांपासून सुरुवात करा. फार वेगवेगळे असतील तर कोणत्या पोस्ट बाहेर फॉरवर्ड झाल्या ते शोधा आणि त्या वगळून मधला आकडा पुन्हा काढा.