लोड कमी असूनही पाइपातली केबल का तापते?

प्रश्न: विहिरीवर साडेसात एचपीच्या तीन मोटारी आहेत. तिन्हींच्या अडीच एमएम केबली एकाच पीव्हीसी पाइपातून स्टार्टरच्या पेटीपर्यंत आणल्यात. केबल १८ अँपिअरची, मोटार घेते १२. तरी दुपारी पाइप हाताला चटका देतो. केबल खराब निघाली का?

उत्तर: केबल बहुधा ठीक आहे. तक्त्यातले १८ अँपिअर हे एकटी केबल मोकळ्या हवेत, ४० अंश तापमानात असतानाचे आहेत. पीव्हीसी इन्सुलेशनला सतत ७० अंशांपर्यंतच चालते. म्हणजे स्वतःच्या उष्णतेने तापायला तिला ३० अंशांची मुभा असते.

तुमच्या पाइपात ही मुभाच उरलेली नाही. उन्हातल्या पाइपात ५५ अंश धरले, तर उरतात १५. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून क्षमता निम्मी होत नाही, साधारण ०.७१ पट राहते. त्यात तीन केबली एकमेकींना चिकटलेल्या. मधलीची उष्णता जाणार कुठे? गोधडीत तीन पोरं झोपावीत तसं होतं. तीन सर्किटांच्या गठ्ठ्यासाठी क्षमता ०.७० धरतात. आता गुणाकार करा: १८ × ०.७१ × ०.७० म्हणजे जेमतेम ९ अँपिअर, आणि तुम्ही १२ घेताय. यालाच डीरेटिंग म्हणतात.

स्टार्टरचा ओव्हरलोड रिले इथे ट्रिप होणार नाही, कारण तो फक्त मोटारीचा करंट पाहतो. पाइपातली उष्णता त्याला कळत नाही. त्यातून तिन्ही स्टार्टरना ऑटो असेल, तर वीज येताच तिन्ही मोटारी एकदम लागतात आणि तासन्‌तास चालतात.

खात्री करायची तर एक दिवस एकच मोटार चालवा. तीन चालताना तापणारा पाइप एकीवर बराच गार राहिला, तर दोष गर्दीचा. एकाच जागी, जोडाजवळ किंवा टर्मिनलपाशी तापत असेल, तर तो सैल जोड आहे, त्याला वरचा हिशोब लागू नाही. व्होल्टेज कमी असताना मोटार जास्त अँपिअर ओढते, म्हणून क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज मोजून घ्या.

उपाय म्हणून माझी पहिली पसंती केबल बदलण्याला नाही. प्रत्येक मोटारीला वेगळा पाइप द्या, पाइपांत अंतर ठेवा आणि सावलीत घ्या. ४५ अंशांत अडीच एमएमची क्षमता १६ अँपिअरच्या आसपास राहते. पाइपात बंदिस्त असल्याने थोडी अजून घटली, तरी १२ ला पुरते. पाइप एकच ठेवायचा असेल तर सहा एमएम घ्या. चार एमएम हिशोबात जेमतेम १३ वर येते, मी तिच्यावर विसंबणार नाही.

लोखंडी पाइप वापरलात, तर एका मोटारीच्या तिन्ही फेज एकाच पाइपात हव्यात. सुट्या वायरी फेजनिहाय वेगळ्या पाइपांत टाकल्या, तर लोखंडच तापते. वायरमनकडून काम करून घेताना मेन स्विच बंद असल्याची खात्री करा, आणि आतले इन्सुलेशन कडक झाले किंवा तडकले असेल, तर तेवढी केबल टाकून द्या.