डिझाइन डॉक्युमेंटच्या सारांशातून काय गाळू नये

प्रश्न: आमचं डिझाइन डॉक्युमेंट ४५ पानी आहे. सोमवारी टीममध्ये नवीन मुलगी येतेय. तिला लगेच कामाला लागता यावं म्हणून सारांश करायचाय. किती पानांचा करावा, आणि आकृत्या किती ठेवाव्यात?

दोन पानं, आणि आकृती एकच. पण खरी अडचण पानांची नसते. असा एक सारांश मी स्वतः केला होता आणि त्याची झळ टीमला तीन आठवडे बसली.

आमची सेवा रांगेतून ऑर्डर उचलायची आणि बिल तयार करायची. रांग होती अ‍ॅमेझॉन एसक्यूएसची, साध्या प्रकारची, म्हणजे तोच मेसेज दोनदाही येऊ शकतो. त्यावरचा बंदोबस्त एवढाच होता, बिल बनवण्याच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये:

```sql
INSERT INTO processed_orders (order_id)
VALUES ($1)
ON CONFLICT (order_id) DO NOTHING;
```

ओळ घातली गेली तर बिल बनवायचं, नाही गेली तर ही ऑर्डर आधीच झालीय म्हणून सोडून द्यायची.

मी पहिल्या मसुद्यात याचं कारणही लिहिलं होतं. आमचे लीड म्हणाले, "कारणं मूळ डॉक्युमेंटमध्ये आहेतच, नवीन माणसाला गोंधळवू नकोस, एका पानात बसव." मी ऐकलं. सारांशात उरलं एकच वाक्य: "दुबार मेसेज गाळले जातात."

नव्या मुलाने पहिल्याच आठवड्यात ते वाक्य वाचलं, कोड पाहिला आणि त्याला वाटलं, मेसेज गाळायचे तर ओळख `order_id` ची कशाला, रांग प्रत्येक मेसेजला `MessageId` देतेच की. त्याने बदल केला. टेस्टमध्ये तोच मेसेज दोनदा यायचा, आणि पुन्हा आलेल्या मेसेजचा `MessageId` तोच राहतो, त्यामुळे टेस्ट पास. रिव्ह्यू करणाऱ्यालाही ३१वं पान आठवलं नाही.

त्या पानावर लिहिलं होतं की ऑर्डर पाठवणाऱ्या सेवेला वेळेत उत्तर मिळालं नाही तर ती तीच ऑर्डर नव्याने पाठवते. रांगेच्या लेखी तो वेगळाच मेसेज, `MessageId` नवा. एका ऑर्डरची दोन बिलं जाऊ लागली. आमच्या कुठल्याही अलार्मला ते कळलं नाही, कारण कुठे एररच नव्हती. कळलं ते अकाउंट्सवाल्यांना, ताळा जमेना तेव्हा.

नंतरच्या मीटिंगमध्ये ठपका बसला त्या मुलावर: "डॉक्युमेंट वाचलं नाहीस." हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. एवढं वाचलं तरी पुरे, असं त्याला आम्हीच सांगितलं होतं. चूक सारांशाची होती, म्हणजे माझी आणि ज्यांनी कारणं काढायला लावली त्यांची.

म्हणून आता मी आधी नव्या माणसाचं पहिलं काम कोणतं ते ठरवतो आणि त्या कामाच्या वाटेत येणारे नियम डॉक्युमेंटमधून वेचतो. साधारण पाच-सहा निघतात. प्रत्येक नियमाखाली कारण एका वाक्यात आणि पान क्रमांक. वरच्या नियमाचं असं झालं असतं: "ओळख `order_id` वरूनच, कारण पाठवणारा तीच ऑर्डर नव्या `MessageId` ने पुन्हा पाठवू शकतो. पान ३१." एवढ्याने तो बदल झालाच नसता.

दुसरी गाळू नये अशी गोष्ट म्हणजे नाकारलेले पर्याय. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण विचारायचा, फिफो रांग का नाही घेतली, ती दुबार मेसेज स्वतःच गाळते. गाळते, पण पाच मिनिटांच्या आतलेच. आमचा पाठवणारा तासाभरानेही पुन्हा पाठवायचा. हे डॉक्युमेंटमध्ये होतं, पण शेवटच्या परिशिष्टात, आणि सारांश करताना लोक परिशिष्टच आधी उडवतात.

क्षमतेची गणितं, रोलआउटचं वेळापत्रक, मंजुरीची पानं खुशाल काढा. आकृतीत सगळे डबे दाखवू नका, एका ऑर्डरचा प्रवास दाखवा, रांगेत शिरल्यापासून बिल निघेपर्यंत.

एक राहिलं: डॉक्युमेंट जुनं असेल तर प्रत्येक नियम आजच्या कोडशी ताडून पाहा, नाहीतर मेलेला नियम तुम्ही नव्याने शिकवाल. आणि तिचं पहिलं काम अजून ठरलंच नसेल तर ही पद्धत फारशी चालत नाही. तेव्हा तिच्याबरोबर बसून मूळ डॉक्युमेंटच वाचा.

सोमवारी तिला दोन पानं द्या आणि तासाभराने तुमच्या सिस्टीममधला असाच एक अडचणीचा प्रसंग विचारा. मी विचारतो, "एकच ऑर्डर दोन वेगळ्या `MessageId` ने आली तर काय होईल?" उत्तर त्या दोन पानांतून देता आलं नाही, तर तिला मूळ डॉक्युमेंटकडे पाठवू नका. राहिलेली ओळ सारांशात घाला.