वीज आठव्या दिवशी आली, ड्रायर अठ्ठाविसाव्या दिवशी

प्रश्न: वकीलताई, गोव्यात साखळी गावाजवळ माझा काजूचा लहान कारखाना आहे, माझ्या एकट्याच्या नावावर. २४ जुलैच्या पहाटे वाळवंटीचं पाणी आत आलं. बोर्मा ड्रायरचा बर्नर, पंख्याची मोटर आणि कंट्रोल पॅनल भिजून गेलं. वीज खात्याचा ट्रान्सफॉर्मरही पाण्यात होता, त्यामुळे ३१ जुलैच्या संध्याकाळपर्यंत भागात वीज नव्हती. ड्रायर २० ऑगस्टला संध्याकाळी सुरू झाला. चवथीच्या आधीचा सगळा धंदा गेला. आगीच्या पॉलिसीतून मशीनचे पैसे मिळाले. पण 'लॉस ऑफ प्रॉफिट'चा दावा कंपनीने पूर्ण फेटाळला. कारण दिलंय, 'धंदा वीज नसल्याने बंद होता, वीजपुरवठा खंडित होणं पॉलिसीत येत नाही.' आता अधिकारी तोंडी म्हणतो, पन्नास हजार घ्या आणि सही करून मिटवा. घेऊ का?

उत्तर: नाही, अजून नाही. आधी कॅलेंडर घेऊन बसा. कंपनीचं पत्र आठ दिवसांबद्दल बोलतं, तुमचा कारखाना अठ्ठावीस दिवस बंद होता. उरलेल्या वीस दिवसांत भागात वीज होती आणि ड्रायर नव्हता. त्या वीस दिवसांना पत्रातलं कारण लागूच पडत नाही. तरीही दावा पूर्ण फेटाळला, म्हणजे पत्र लिहिणाऱ्याने तारखा लावून पाहिल्या नाहीत, किंवा पाहून गप्प बसला.

या पॉलिसीचा पाया समजला की बाकीचं सोपं होतं. 'लॉस ऑफ प्रॉफिट' ही धंदा बंद पडल्याची भरपाई नाही. विमा असलेल्या संकटाने तुमच्या जागेतल्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि त्यामुळे धंदा थांबला, तर त्या थांबण्याची ती भरपाई आहे. म्हणून ती आगीच्या पॉलिसीला बांधलेली असते. मशीनच्या नुकसानीचा दावा कंपनीने मान्य केला किंवा पैसे दिले, तरच नफ्याच्या दाव्याचं दार उघडतं. नुसत्या महामारीच्या टाळेबंदीत किंवा पाहुण्यांनी बुकिंग रद्द केल्यावर अशा पॉलिसीतून काही मिळत नाही, ते याचमुळे. पुरात तुमच्या शेजारच्या एखाद्या होमस्टेत पाणी शिरलं नसेल आणि फक्त रस्ता व वीज बंद असेल, तर त्याच्या मालकाला मी दावा करू नका असंच सांगितलं असतं. तुमचं तसं नाही. तुमच्या मशीनचे पैसे कंपनीनेच दिलेत. पूर हे संकट पॉलिसीत येतं आणि पुरानेच ड्रायर बिघडला, हे दोन्ही तिने तिथे मान्य केलं आहे. ते पेमेंटचं पत्र जपून ठेवा, तुमच्या फाईलमधला सगळ्यात मोलाचा कागद तोच.

आता त्या आठ दिवसांकडे येऊ, कारण खरा वाद तिथे आहे. वीजपुरवठ्यासाठी वेगळं वाढीव कलम घ्यावं लागतं आणि ते तुम्ही घेतलेलं नाही असं मी धरून चालते. ते घेतलेलं असतं तरी त्यात अटी असतात. वीज खात्याच्या केंद्राचं नुकसान विमा असलेल्या संकटानेच झालेलं असावं लागतं, आणि तारा-खांब बहुधा वगळलेले असतात. कंपनी म्हणेल, ड्रायर धड असता तरी त्या आठ दिवसांत तुम्ही काही करू शकला नसता, मग ड्रायरमुळे नुकसान झालं कसं? युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. शिवाय पॉलिसीत एक कलम असतं की विक्रीचा हिशेब करताना धंद्यावर परिणाम करणाऱ्या इतर परिस्थितीचाही विचार करावा. कंपनीचा वकील त्याच कलमावर बोट ठेवेल.

हा वाद इंग्लंडमध्ये चांगलाच गाजला आहे. न्यू ऑर्लिन्समधल्या एका हॉटेलचं २००५ च्या चक्रीवादळांत नुकसान झालं. २०१० मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने म्हटलं की हॉटेल धड असतं तरी अख्खं शहर उद्ध्वस्त होतं, पाहुणे आलेच नसते, म्हणून मुख्य कलमाखाली नफ्याची भरपाई नाही. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने महामारीच्या विमादाव्यांचा निकाल देताना तो निर्णय चुकीचा ठरवला. ज्या मूळ संकटाचा विमा घेतला, त्याच संकटातून निघालेली दुसरी अडचण पुढे करून भरपाई कापता येणार नाही, असा त्याचा सारांश. गंमत म्हणजे त्या पीठातल्या दोन न्यायाधीशांचा जुन्या निर्णयात हात होता, एकाचा न्यायाधीश म्हणून आणि दुसऱ्याचा लवाद म्हणून. आपली चूक मान्य करणारे न्यायाधीश रोज भेटत नाहीत.

इंग्लंडचा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण विम्याच्या प्रश्नांवर आपली न्यायालयं तिकडे आवर्जून पाहतात. आणि आपला एक निकाल तर थेट गोव्यातलाच आहे. जानेवारी १९९९ मध्ये झुआरी इंडस्ट्रीजच्या कारखान्यात मुख्य स्विचबोर्डवर शॉर्टसर्किट झालं, काही क्षणांची आग लागली, वीज गेली आणि त्या साखळीतून शेवटी बॉयलरचं नुकसान झालं. विमा कंपनी म्हणाली, आग अशी लागलीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कंपनीविरुद्ध निकाल दिला. आग किती वेळ टिकली याला महत्त्व नाही, आणि सगळ्यात शेवटी घडलेली गोष्ट म्हणजे कारण नव्हे, तर साखळी सुरू करणारं परिणामकारक कारण पाहायचं. तुमच्याकडे साखळी नाही, एका पुराचे दोन फाटे आहेत, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा बसत नाही. पण 'वीज गेली म्हणजे विषय संपला' हे तो नक्की मोडतो. याला मर्यादाही आहे. वीज पुरामुळे न जाता खात्याच्या आधीच ठरलेल्या दुरुस्तीसाठी बंद केलेली निघाली, तर ते आठ दिवस तुम्ही गमावाल.

यातले किती रुपये खरंच पणाला आहेत ते आता पाहू. तुमचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून सोयीचे घेते. गेल्या वर्षी याच २८ दिवसांत विक्री २१ लाख, म्हणजे रोज ७५ हजार. तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या याच तारखांशी होते. कंपनीने वर्षाची सरासरी लावली तर हरकत घ्या, चवथीच्या आधीची विक्री सरासरीत बुडून जाते. यंदा गोदामातला तयार माल आणि दुसऱ्याच्या ड्रायरवर वाळवून घेतलेले गर मिळून विक्री ७ लाख झाली. तूट १४ लाखांची. ढोबळ नफ्याचा दर ३० टक्के धरला तर ४ लाख २० हजार. हा नुसता निव्वळ नफा नव्हे. कामगारांचा पगार, भाडं, व्याज असे धंदा बंद असतानाही चालू राहणारे खर्च त्यात येतात, मात्र ते पॉलिसीत धरलेले असावे लागतात. दुसऱ्याच्या ड्रायरचं भाडं ५० हजार गेलं आणि त्यामुळे २ लाखांची विक्री, म्हणजे ६० हजारांचा नफा वाचला असेल, तर ते भाडंही मिळतं, कारण खर्च वाचलेल्या नफ्यापेक्षा कमी आहे. त्यातून वाचलेलं वीजबिल वगैरे ३० हजार वजा केलं की ४ लाख ४० हजार राहतात.

यापुढे पॉलिसीतला एक शब्दप्रयोग शोधा, बहुतेक सात दिवसांची कपात असेल. ती दोन प्रकारे लिहिलेली आढळते. 'पहिल्या सात दिवसांचं नुकसान मिळणार नाही' असं असेल, तर कंपनीच्या आठपैकी सात दिवस तसेही तुमचे नाहीत. वाद आठव्या दिवसापुरता उरला. पहिल्या आठ दिवसांची तूट रोज ५० हजार धरली, तर एका दिवसाचा नफा १५ हजार. कंपनी जिंकली तर ३ लाख २० हजार, तुम्ही जिंकलात तर ३ लाख ३५ हजार. एवढ्यासाठी इंग्लंडच्या निकालापर्यंत जायची गरजही नाही. पण 'सात दिवसांच्या ढोबळ नफ्याइतकी रक्कम कापली जाईल' असं लिहिलेलं असेल, तर १ लाख ५७ हजार ५०० कोणत्याही दिवसांतून जातात. मग आठ दिवस गमावल्यास १ लाख ६२ हजार ५००, राखल्यास २ लाख ८२ हजार ५००. तिथे भांडण्यात अर्थ आहे. कोणत्याही हिशेबाने पन्नास हजार ही रक्कम कुठे बसत नाही. फक्त विम्याची रक्कम वर्षाच्या ढोबळ नफ्यापेक्षा कमी ठेवली असेल, तर त्या प्रमाणात वरचे आकडे खाली येतील. एजंट बहुधा निव्वळ नफ्यावर विमा काढून देतात आणि तिथेच घात होतो.

कागद असे जमवा. वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयाकडून वीज कधी गेली, कधी आली आणि का गेली हे लेखी घ्या. देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका. ड्रायर दुरुस्त करणाऱ्याचा अहवाल घ्या, त्यात पार्ट कधी मागवला आणि कधी आला या तारखा हव्यात. दुरुस्ती तुमच्या ढिलाईमुळे लांबली, असा आरोप पुढे येणारच. तलाठ्याचा पंचनामा, दोन वर्षांचे जीएसटी रिटर्न, हजेरीपट आणि माल वाळवून घेतल्याची बिलं जोडा. कंपनीकडून सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही मागा. फेटाळलेल्या दाव्यांत सर्व्हेअरने वीस दिवसांचं नुकसान मान्य करून ठेवलेलं मी एकदा नव्हे, तीनदा पाहिलं आहे.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला तारखांचा तक्ता जोडून पत्र द्या. पत्रात तिच्याच कारणाला उत्तर द्या, नवी कारणं सुचवू नका. गलाडा पॉवर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलं आहे की फेटाळणीच्या पत्रात न घेतलेलं कारण कंपनीला नंतर उभं करता येत नाही. महिन्याभरात समाधान झालं नाही, तर एकट्या मालकाचा धंदा म्हणून मुंबईच्या विमा लोकपालाकडे जाता येतं, गोवा त्यांच्याकडे येतो. तिथे वर्षाची मुदत आहे आणि फी नाही. दुसरा रस्ता पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाचा, मुदत दोन वर्षं. 'व्यापारी माणूस ग्राहक नव्हे' असं कोणी म्हटलं तर हरसोलिया मोटर्सचा २०२३ चा निकाल दाखवा. नुकसानभरपाईसाठी घेतलेला विमा हा व्यापारी हेतू नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरवलं आहे. आधी लोकपाल बरा. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला पटला नाही तर नाकारता येतो. मात्र ग्राहक आयोगात केस टाकली की लोकपालाचं दार बंद.

मशीनच्या पैशांसाठी तुम्ही जी पावती सही केली, तिच्यावरचा पॉलिसी क्रमांक पाहा. तो फक्त आगीच्या पॉलिसीचा असेल तर चिंता नाही. 'सर्व दावे' असा शब्द असेल तर मला तिची प्रत पाठवा. आणि पन्नास हजारांचा देकार लेखी मागा. कंपनी तो लिहून देणार नाही असं मला वाटतं. दिलाच, तर 'पूर्ण व अंतिम' या शब्दांवर सही करू नका. पैसे हक्क राखून घेत असल्याचं त्याच कागदावर लिहून घ्यायची कंपनीची तयारी असेल, तरच ते घ्या.