फी मागायला जीभ रेटत नाही

«मी कलाशिक्षणाचा अभ्यासक्रम करतेय, सोबत मुलांचे चित्रकलेचे वर्गही घेते. शिकवायला मनापासून आवडतं, पण फी मागायला जीभ रेटत नाही. तीन पालकांकडे दोन महिन्यांची फी थकली आहे. माझ्यासारखीने या व्यवसायात पडावं का?»

जरूर पडा. माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका चित्रकला शिक्षिकेची गोष्ट सांगते. त्या फारच लाजऱ्या. कुणी फीचं विचारलं की म्हणायच्या, “द्या हो सावकाश.” पालकही सावकाशच द्यायचे. बहुतेकांच्या मनात बुडवायचं नसायचं. तारीखच ठरलेली नसल्यामुळे राहून जायचं.

मी त्यांना आधी हजेरीची वही घालायला लावली आणि त्यावरून दर महिन्याच्या १ तारखेला गेल्या महिन्याचं बिल करायला सांगितलं. बिलावर क्रमांक, मुलाचं नाव, झालेले वर्ग, एका वर्गाचा दर, एकूण रक्कम, भरायची शेवटची तारीख आणि पैसे कुठे पाठवायचे ते. रंग-कागदाचा खर्च वेगळ्या ओळीत. तो फीतच धरला की आपली कमाई नेमकी किती, हे आपल्यालाच कळत नाही.

पहिल्या बिलासोबत त्यांनी लांबलचक निरोप लिहिला: राग मानू नका, अडचण असेल तर राहू द्या, सवडीने द्या. बिलावर १० तारीख आणि निरोपात ‘सवडीने’! मग पालक सवडच धरणार. खोडून खोडून एवढंच उरलं: “नमस्कार. गेल्या महिन्याचं बिल जोडलं आहे. १० तारखेपर्यंत रक्कम पाठवावी, ही विनंती.” ते पाठवायलाही त्यांना संध्याकाळ उजाडली.

खरी कसोटी पुढच्या महिन्यात लागली. एका आईंचा निरोप आला, “दोन वर्ग झालेच नाहीत, ते वजा करा.” एरवी बाईंनी मुकाट्याने केले असते. या वेळी त्यांनी वही काढली. एक वर्ग त्यांनी स्वतः रद्द केला होता, पण बिलात चुकून धरला गेला होता. दुसऱ्याला मुलगी आली नव्हती. त्यांनी लिहिलं, “पहिला वजा केला आहे. दुसरा वर्ग झाला होता, म्हणून तो धरला आहे.” सुधारलेल्या बिलाचे पैसे आले. गैरहजेरीचा नियम मात्र आधी सांगायला हवा होता. तो तेव्हापासून बिलाच्या तळाशी असतो.

तारीख उलटली की तीन दिवसांनी एका ओळीची आठवण, आठवड्याने फोन. मुलाच्या हाती निरोप कधीच नाही, त्याला वर्गात ओशाळं होतं. एका घरची थकबाकी शेवटपर्यंत आली नाही. तिथे त्यांनी पुढच्या महिन्याची जागा दुसऱ्या मुलाला दिली. नव्या प्रवेशांना आता त्या महिन्याची फी आगाऊच घेतात.

तुमच्या तीन पालकांना एकेक बिल पाठवा. मागची बाकी आणि चालू महिना वेगवेगळ्या ओळींत लिहा. त्यांना एकदम जड वाटलं तर मागच्या बाकीचे दोन हप्ते करून द्या, पण दोन्ही हप्त्यांच्या तारखा तुम्हीच घाला.