व्हॅलिडेशनची फाईल आहे, पण डिस्पेन्सिंगचं गणित कोणी तपासलंय?

प्रश्न: आमची टॅब्लेटची कंपनी आहे. मागच्या वर्षी ईआरपी आलं. बीएमआर अजून कागदावर आहे, फक्त डिस्पेन्सिंगचं वजन ईआरपी काढतं आणि ती स्लिप आम्ही बीएमआरला जोडतो. व्हॅलिडेशनची कागदपत्रं व्हेंडरने दिली, त्यावर सह्या झाल्या आहेत. तीन महिन्यांनी यूएस एफडीएचं इन्स्पेक्शन आहे. एवढं पुरेल का?

उत्तर:

सह्या किती आहेत ते बाजूला ठेवा. आधी ती स्लिप हातात घ्या आणि शेजारी कॅल्क्युलेटर ठेवा. मी एका कंपनीत क्यूएमध्ये असताना नेमकं इथेच घसरलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

समजा २ लाख गोळ्यांची बॅच आहे आणि प्रत्येक गोळीत ५०० मिलीग्रॅम औषध हवं आहे. म्हणजे शुद्ध औषध १०० किलो. लॉटचा असे, म्हणजे चाचणीत सापडलेलं औषधाचं प्रमाण, निर्जल आधारावर ९९.२ टक्के आहे आणि पाणी ४ टक्के. पाणी वजा केलं की प्रत्यक्ष पोटेन्सी ९५.२३ टक्के उरते, म्हणजे १०५.०१ किलो माल तोलायला हवा. वरचे ५.०१ किलो एमसीसीतून कमी करायचे, म्हणजे गोळीचं वजन तेवढंच राहतं.

आमच्या ईआरपीच्या फॉर्म्युल्यात पाण्याचा भाग घेतलाच नव्हता. त्यामुळे स्लिपवर १००.८१ किलो यायचे आणि गोळीत ९६ टक्केच औषध जायचं. गंमत म्हणजे आमची असेची मर्यादा ९५ ते १०५ होती, त्यामुळे बॅच पास व्हायची आणि कुणाला शंका यायची नाही. पण २१ सीएफआर २११.१०१ सांगतो की बॅचचा फॉर्म्युलाच लेबलवरच्या मात्रेच्या किमान १०० टक्के देण्याच्या हेतूने असला पाहिजे. रिझल्ट मर्यादेत आहे म्हणून तिथे सुटका होत नाही.

उलटी चूकही होते. क्यूसीतला एक जण ‘पोटेन्सी’च्या रकान्यात निर्जल असे भरतो, तर दुसरा पाणी आधीच वजा करून भरतो. फॉर्म्युला पुन्हा पाणी वजा करतो, स्लिपवर १०९.३८ किलो येतात आणि गोळीत १०४.२ टक्के औषध जातं. हीसुद्धा पास! म्हणून जुन्या बॅचेसचा असे लॉटमधल्या पाण्याशेजारी मांडून बघा. पाणी वाढलं की असे खाली जात असेल, तर पहिली चूक आहे.

आता तुमच्या व्हॅलिडेशनकडे येऊ. व्हेंडरच्या ओक्यूमध्ये या फॉर्म्युल्याची चाचणी कोणत्या आकड्यांवर झाली ते उघडून पाहा. आमच्याकडे असे १०० आणि पाणी शून्य घेतलं होतं. त्या आकड्यांवर कुठलाही चुकीचा फॉर्म्युलासुद्धा १०० किलोच दाखवतो! चाचणी खऱ्या सीओएवरच्या आकड्यांवर करा आणि अपेक्षित उत्तर आधी हाताने काढून प्रोटोकॉलमध्ये लिहून ठेवा. दोन लॉटची केसही घ्या. वरच्या लॉटचे ४० किलोच शिल्लक असतील, तर त्यातून ३८.०९ किलो शुद्ध औषध मिळतं. उरलेले ६१.९१ किलो ९८.६ टक्के असे आणि २.५ टक्के पाण्याच्या दुसऱ्या लॉटमधून काढायचे झाले तर ६४.४० किलो तोलावे लागतात. अनेक ठिकाणी ईआरपी इथे पहिल्याच लॉटची पोटेन्सी दोन्हींना लावतं. शिवाय यूआरएसमध्ये ‘पोटेन्सीनुसार वजन काढावे’ एवढंच वाक्य असेल तर ते बदला. कुठल्या आधारावरचा असे, किती दशांश आणि एमसीसी किती कमी, हे त्यात लिहिलेलं हवं. नाहीतर चाचणी कशाशी ताडून बघणार?

‘बीएमआर कागदावर आहे, मग पार्ट ११ कशाला’ असं आमच्याकडेही म्हणायचे. पण वजन ठरवायला तुम्ही ईआरपीतल्या आकड्यावर विसंबता, नुसता टाईपरायटर म्हणून ते वापरत नाही. एफडीएच्या २००३ च्या मार्गदर्शनानुसार अशा नोंदीला पार्ट ११ लागू होतो, प्रिंट काढली तरी. त्यामुळे त्या फॉर्म्युल्याचा ऑडिट ट्रेल मागितला जाणार हे धरून चाला: कोणी बदलला, कधी, का, आणि चेंज कंट्रोलचा नंबर कुठे आहे. आयटीतल्या माणसाकडे बदलाचा हक्क आहे आणि लॉगिन ‘admin’ या एकाच नावाने चारजण वापरतात, हे चित्र असेल तर ते याच आठवड्यात थांबवा. आणखी एक, तराजूच्या प्रिंटवरची वेळ आणि ईआरपीतल्या नोंदीची वेळ जुळवून पाहा. ऑपरेटर पाळी संपताना सगळी वजनं एकदम भरत असतील, तर तो फरक इन्स्पेक्टरच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

चूक सापडली तर फॉर्म्युला गुपचूप दुरुस्त करू नका, कारण ऑडिट ट्रेलमध्ये तो बदल दिसणारच. आधी डेव्हिएशन उघडा, बाजारात असलेल्या आणि मुदतीत असलेल्या प्रत्येक बॅचचं गणित पुन्हा मांडा आणि त्यांच्या स्टॅबिलिटीचे रिझल्ट शेजारी ठेवा. सुरुवातीलाच ९६ वर असलेली गोळी मुदत संपेपर्यंत ९५ च्या खाली जाते का, हे आधी बघा. जात असेल तर विषय ईआरपीचा राहत नाही, रिकॉलचा होतो, आणि त्यासाठी तीन महिने थांबता येणार नाही.