मांजर, तापाचं औषध आणि रश्श्यातला कांदा

प्रश्न: मांजरीचं अंग गरम लागतंय, कालपासून खातही नाही. मुलाचं तापाचं सिरप थोडं दिलं तर चालेल का? घरातलं आणखी काय तिला धोक्याचं असतं?

उत्तर:

अजिबात देऊ नका, अर्धा चमचासुद्धा नाही. दिलं असेल तर पुढचं वाचत बसू नका, आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा.

मांजराचं अंग आपल्या हाताला गरमच लागतं. तिचं नेहमीचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्याला ताप असावा इतकं. आमच्याकडेही चूक इथूनच झाली. बोका मलूल पडला होता, कान गरम लागले, म्हणून आईने तापाच्या पाचशे मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव तुकडा दुधात कुस्करून दिला. लहान बाळाला देतो त्याहून जास्त नाही, असा तिचा हिशोब. बोका चार किलोचा, म्हणजे किलोमागे तीस मिलिग्रॅमच्या वर औषध पोटात गेलं. मांजरात किलोमागे दहा मिलिग्रॅमनेही विषबाधा झालेली आहे.

तीन-चार तासांत त्याचा चेहरा आणि पुढचे पंजे सुजले. तो तोंड किंचित उघडं ठेवून भराभर श्वास घेत होता. ओठ वर करून पाहिलं तर गुलाबी हिरड्या मातकट तपकिरी झालेल्या. दवाखान्यात रक्त काढलं, तेही चॉकलेटसारख्या रंगाचं. तो रंग मी अजून विसरलेलो नाही.

असं का होतं, ते डॉक्टरांनी नंतर समजावलं. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल या सगळ्यांत पॅरासिटामॉल असतं, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही असतं. ते निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकण्याची आपल्या यकृताची जी मुख्य वाट आहे, ती मांजराकडे जवळपास नसतेच. मग औषधाचं विषारी रूप साचतं आणि तांबड्या पेशींवर उठतं. रक्त अंगभर फिरत असतं, पण त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. मांजर आतल्या आत गुदमरतं. यकृतालाही इजा होते.

उतारा आहे: एन-अॅसिटिलसिस्टीन. त्याचा पहिला डोस मोठा, मग दर काही तासांनी पुढचे डोस, जोडीला ऑक्सिजन, कधी रक्तही चढवावं लागतं. जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. आमचा बोका तीन दिवस दवाखान्यात राहून वाचला. किती दिलं, किती वाजता दिलं आणि गोळीची स्ट्रिप, हे आईने लगेच पुढे केलं, याचा फार उपयोग झाला. ओरडा बसेल म्हणून घरातलं कुणी असं लपवू नये. आणि मिठाचं पाणी पाजून घरी उलटी करवू नका, त्यानं दुसरंच संकट उभं राहतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. याच तांबड्या पेशींवर घाला घालणारी आणखी एक गोष्ट आपल्या रोजच्या स्वयंपाकात आहे: कांदा-लसूण. चार किलोच्या मांजराला वीसेक ग्रॅम कांदा, म्हणजे मध्यम कांद्याचा जेमतेम पाव भाग, बाधू शकतो. लसूण त्याहून कडक. शिजवल्याने विष जात नाही. आपण कांद्याचा तुकडा टाकत नाही हो, पण कोंबडीचा रस्सा भातावर ओततो, माशाच्या कालवणातला तुकडा चाटूनपुसून देतो. फसवणूक अशी की परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते, मांजर झोपूनच राहतं, आणि तोवर रश्श्याची आठवण कुणालाच नसते. द्यायचंच असेल तर मीठ-मसाला घालण्याआधी उकडलेली कोंबडी काढून ठेवा, हाडं काढून.

झाडांबद्दल एकच सांगतो, कारण इथे नावाने घोटाळा होतो. मनीप्लांट किंवा पीस लिली चावली तर तोंडाची आग होते, लाळ गळते, सहसा तेवढ्यावर भागतं. पण वाढदिवसाच्या गुच्छात येतात त्या मोठ्या, सुवासिक, केशरी परागांच्या खऱ्या लिली मांजराची मूत्रपिंडं एक ते तीन दिवसांत निकामी करतात. अंगावर पडलेले पराग चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी पुरतं. असा गुच्छ आला तर मी दारातूनच शेजाऱ्यांना देऊन टाकतो, अर्थात त्यांच्याकडे मांजर नसेल तर.

तुमची मांजर कालपासून खात नाही, ही मला तापापेक्षा मोठी गोष्ट वाटते. मांजर उपाशी राहिलं की चरबी यकृतात साचू लागते, अंगाने भरलेली असेल तर जास्तच. उद्यावर टाकू नका, आजच दाखवून या. आणि शेवटचं कधी, काय खाल्लं ते आठवून जा, रश्श्यासकट.